नोटिशीच्या बदल्यात एक महिन्याचा पगार

गोंदियात माझं इंग्रजी उत्तम आहे असं मानणारी चार माणसं होती, आणि त्यांतला एक मी स्वतः होतो. उरलेले तिघे म्हणजे आमचे सेठजी, त्यांचे मुनीमजी आणि आमगावचा माझा मित्र. सेठजींना इंग्रजी येत नव्हतं आणि मुनीमजींना आकड्यांपलीकडे कशाचंच सोयरसुतक नव्हतं, त्यामुळे त्या दोघांच्या मताला फारसा अर्थ नव्हता. मित्राचं मत मात्र मी खरं धरत असे, कारण ते मला हवं होतं.

तेव्हा आमचा भाग मध्य प्रदेशात होता. मी एका बिडी कंपनीच्या गोंदियाच्या हेड ऑफिसात पत्रव्यवहार सांभाळायचो. ऑफिस म्हणजे एक लांबट खोली. तिच्या एका टोकाला पांढरी चादर घातलेली गादी, तिथं सेठजी लोडाला टेकून बसत. दुसऱ्या टोकाला एक टेबल, एक खुर्ची आणि एक टाइपरायटर. सबंध कंपनीत खुर्चीवर बसून काम करणारा मी एकटा, आणि या गोष्टीचा मला किती तोरा होता ते आता आठवलं तरी कसंतरी होतं. बाकी सगळे खाली मांडी घालून बसत, आणि महत्त्वाचं सगळं तिकडेच चाले, हे माझ्या डोक्यात फार उशिरा शिरलं.

मित्र त्याच कंपनीच्या आमगाव शाखेत कारकून होता. आम्ही दोघंही तिकडच्याच धानवाल्या घरांतले, एकाच वर्गात शिकलेले, एकाच वर्षी मॅट्रिक झालेले. त्याला नोकरी माझ्या शब्दावर लागली होती. त्याचं नेमणूकपत्र मीच टाइप केलं होतं. खरं तर सगळ्यांचीच नेमणूकपत्रं मी टाइप करायचो. नागपूरच्या एका वकिलाकडून सेठजींनी एक इंग्रजी नमुना आणवला होता, त्यात नाव, पगार आणि तारीख तेवढी बदलायची. नमुन्यातलं सहावं कलम नोकरी संपवण्याबद्दल होतं. दोन्ही पक्षांपैकी कोणालाही, एक महिन्याची लेखी नोटीस देऊन किंवा तिच्या बदल्यात एक महिन्याचा पगार देऊन, ही नोकरी संपवता येईल, असं त्यात साफ लिहिलं होतं. मी ते कलम इतक्यांदा टाइप केलं होतं की डोळे मिटून केलं असतं तरी एक अक्षर चुकलं नसतं.

त्या कलमाचा उपयोग कसा करतात हेही मी पाहिलं होतं. आमच्याकडे कोठाराचा एक वयस्क कारकून होता. एके दिवशी सकाळी सेठजी मला म्हणाले, “बाबू, इनको एक महीने का दे दो. आज से छुट्टी.” मी चार ओळी टाइप केल्या, मुनीमजींनी नोटा लिफाफ्यात घातल्या, आणि तो लिफाफा त्या माणसाच्या हातात द्यायला मलाच पाठवलं. तो चहा पीत बसला होता. त्यानं कागद उलटासुलटा केला आणि मला विचारलं, “काय लिहिला आहे गा याच्यात?” मी सांगितलं. त्यानं कप खाली ठेवला, लिफाफा बंडीच्या खिशात घातला आणि तो गेला. दहा मिनिटांचंसुद्धा काम नव्हतं. त्याच्या कपात निम्मा चहा तसाच होता. त्या दिवशी मला पहिल्यांदा माझ्या खुर्चीची भीती वाटली.

चैत्राच्या सुमाराला मित्राचं पत्र आलं. ऑफिसच्या डाकेत नाही, सरळ टपालानं माझ्या खोलीवर. त्याला रेल्वेत माल कारकुनाची जागा मिळाली होती. वर्षभरापूर्वी परीक्षा दिली होती, मध्ये डॉक्टरी तपासणी झाली होती, आणि आता नेमणुकीचा हुकूम आला होता. पंधरा दिवसांच्या आत हजर व्हायचं, नाहीतर जागा दुसऱ्याला जाणार. रेल्वेची नोकरी म्हणजे तेव्हा काय होतं ते आज सांगून पटायचं नाही. राहायला क्वार्टर, फिरायला पास, महिन्याच्या ठरल्या दिवशी पगार, आणि कुणा सेठजीच्या भुवईकडे बघत दिवस काढायची गरज नाही.

पत्रात त्यानं सहावं कलम जसंच्या तसं उतरवून काढलं होतं, त्याच्या त्या गोलगोल अक्षरात. खाली लिहिलं होतं: “एक महिन्याची नोटीस देत बसलो तर रेल्वे हातची जाते. बाबांनी घरचं धान विकून महिन्याच्या पगाराचे पैसे काढून ठेवले आहेत. पैसे भरून लगेच जाता येतं का? हा सगळा काय प्रकार आहे ते मला नीट समजावून लिही. तू लिहिशील तसं करीन.”

‘तू लिहिशील तसं करीन.’ हे वाक्य वाचून मला आधी बरं वाटलं. मग राग आला. कशाचा आला ते मी तेव्हा स्वतःला विचारलं नाही. आता विचारतो, कारण आता खोटं बोलून काही मिळायचं नाही. त्या रेल्वेच्या परीक्षेचा अर्ज मीही आणला होता. ‘आपल्याला काय कमी आहे’ म्हणून तो मी भरला नाही. खुर्ची होती ना मला.

रविवारी मी गाडीत बसून आमगावला जाऊ शकलो असतो. तासाभराचा प्रवास. तोंडानं दोन वाक्यं सांगून संध्याकाळी परत येता आलं असतं. पण तोंडानं सांगायचं तर त्याच्या डोळ्यांकडे बघावं लागलं असतं. मी पत्र लिहायला बसलो.

पत्र मात्र झकास लिहिलं. त्याची नक्कल मी ठेवली होती, कारण ऑफिसातल्या सवयीनं मी खाजगी पत्रांच्याही नकला ठेवायचो. तो कागद आजही माझ्याकडे आहे. त्यातला बराच भाग इथं देतो.

“तुझं पत्र पावलं. अभिनंदन. आता तुझ्या प्रश्नाकडे वळतो.

“नोटीस म्हणजे आगाऊ सूचना. नोकर जाणार असेल तर मालकाला दुसरा माणूस बघायला वेळ हवा. मालक काढणार असेल तर नोकराला दुसरी भाकरी शोधायला वेळ हवा. आपल्या कंपनीत हा वेळ एक महिन्याचा ठरवला आहे. पण कधी कधी इतका वेळ थांबणं एखाद्याला परवडत नाही. म्हणून कलमात दुसरी वाट ठेवली आहे. ज्याला महिना द्यायचा नाही त्यानं त्या महिन्याची किंमत द्यावी. मालकानं तडकाफडकी काढलं तर मालक नोकराला एक पगार देतो. नोकर तडकाफडकी गेला तर नोकर मालकाला एक पगार देतो. याला दंड म्हणत नाहीत, आणि यात बेअब्रूही काही नाही. ती नुसती न दिलेल्या वेळाची भरपाई.

“किती द्यायचं ते कलमातल्या शब्दांवर. कुठं नुसता मूळ पगार म्हटलेला असतो, कुठं महागाईसकट. तुझ्या कागदात ‘मासिक पगार’ एवढंच आहे आणि आपल्याकडे महागाई वेगळी दाखवत नाहीत, तेव्हा तुझे पूर्ण पासष्ट रुपये धर. नोटीस देऊन काही दिवस काम केलंस तर उरलेल्या दिवसांचेच पैसे द्यावेत असा रिवाज आहे. दहा दिवस काम केलंस तर वीस दिवसांचे. मात्र तसं दोघांमध्ये ठरवून कागदावर घ्यावं. शिल्लक रजा यात वळती करता येते, पण मालक कबूल असेल तरच. तो तुझा हक्क नाही. या महिन्यात आजवर केलेल्या कामाचा पगार वेगळा. तो बुडत नाही, तो तुला मिळायलाच हवा.

“पैसे भरल्याची पावती घ्यावी. कामावरून मोकळं केल्याचा कागद घ्यावा. रेल्वे तो मागेल. ताब्यातली रजिस्टरं, किल्ल्या, शिल्लक माल सोपवून त्यावर घेणाऱ्याची सही घ्यावी, म्हणजे मागाहून कुणी काही अंगावर टाकणार नाही.”

इथपर्यंत त्या पत्रात खोट काढायला जागा नाही. आजही कुणी विचारलं तर मी हेच सांगीन. यानंतर मी टाक दौतीत बुडवला, आणि मला आठवतं, बराच वेळ तो तसाच धरून बसलो. दोन थेंब कागदाच्या कडेला पडले. नकलेवर अर्थातच ते नाहीत.

मग मी लिहिलं:

“मात्र एक गोष्ट पक्की ध्यानात ठेव. हे सर्व सेठजींच्या मंजुरीवर अवलंबून आहे. त्यांची लेखी मंजुरी हाती आल्याशिवाय पाऊल उचलू नकोस, नाहीतर प्रकरण अंगाशी येईल. तेव्हा आधी त्यांच्या नावे नम्र अर्ज कर आणि उत्तराची वाट पाहा. माझ्याशी सल्लामसलत केल्याचा उल्लेख अर्जात करू नये हे उत्तम.”

हे खोटं होतं. काही ठिकाणी कलम असं असतं की पगार देऊन मोकळं होण्याची मुभा फक्त मालकालाच ठेवलेली असते. तिथं नोकराला मंजुरी मागावी लागते, आणि मालक म्हणाला की महिना भरून जा, तर तो बांधील असतो. पण आमच्या कलमात ‘दोन्ही पक्षांपैकी कोणालाही’ होतं. मुभा जेवढी सेठजींची तेवढीच त्याची. त्यानं एवढंच करायचं होतं: अर्ज नाही, राजीनामा लिहायचा. ‘अमुक तारखेपासून मी नोकरी सोडत आहे, सहाव्या कलमाप्रमाणे एक महिन्याचा पगार सोबत भरत आहे.’ पैसे गादीवर ठेवायचे. घेतले तर पावती. नाही घेतले तर तेच पैसे मनिऑर्डरनं आणि राजीनामा रजिस्टर टपालानं पाठवायचा, पावत्या जपून ठेवायच्या आणि रेल्वेत हजर व्हायचं. सेठजी चिडले असते, मोकळं केल्याच्या कागदासाठी चार खेपा घालायला लावल्या असत्या, पण त्याला धरून ठेवू शकले नसते. हे सगळं मला माहीत होतं. नमुना पाठवताना त्या नागपूरच्या वकिलानं सोबत एक टिपण जोडलं होतं. ते वाचून सेठजींना हिंदीत सांगणारा मीच होतो.

मी असं का लिहिलं? भीती हे एक कारण. मित्राचा राजीनामा आला असता, त्यात कलमाचा आकडा असता, आणि सेठजींनी पहिल्यांदा माझ्याकडे बघितलं असतं. आमगावच्या कारकुनाला हे कोणी शिकवलं? कंपनीत इंग्रजी कुणाला येतं? मला तो निम्मा कप चहा दिसत होता. पण सगळंच भीतीवर ढकललं तर तीही लबाडीच. तो गेला असता तर मी राहिलो असतो. त्याला क्वार्टर मिळालं असतं आणि मी कुडवा गावाच्या वाटेवर भाड्याच्या एका खोलीत, दुसऱ्यानं लिहिलेलं इंग्रजी टाइप करून पोट भरत बसलो असतो. मला ते बघवणार नव्हतं. लाज वाटते, पण तसंच होतं.

त्याचं उत्तर आलं नाही. चार दिवसांनी आमगावच्या डाकेत त्याचा अर्ज आला.

आमच्याकडे सकाळी डाक वाचण्याची एक पद्धत होती. शाखांच्या पिशव्या पहिल्या गाडीनं येत, शिपाई त्या माझ्या टेबलावर रिकाम्या करी, आणि मी एकेक कागद उघडून मोठ्यानं वाचायचा, मराठी किंवा इंग्रजी असेल तर हिंदीत सांगायचं. सेठजी डोळे मिटून ऐकत आणि तिथल्या तिथं हुकूम सोडत. कोणताही कागद वगळायचा नाही, कोणताही आधी वाचून ठेवायचा नाही, असा त्यांचा दंडक होता. सबंध कंपनी या एका तासात चालायची, आणि ती माझ्या तोंडातून चालायची.

त्या दिवशी तिसरा की चौथा कागद त्याचा होता. ‘सेवेशी नम्र विनंती की’ अशी सुरुवात. मी लिहिलं होतं तसंच, जवळजवळ माझ्याच शब्दांत. रेल्वेत नेमणूक झाली आहे, महिन्याचा पगार भरण्यास तयार आहे, तरी कृपा करून लवकर मोकळं करण्याची मंजुरी मिळावी. मी ते वाचून दाखवलं.

सेठजींनी डोळे उघडले. “पत्ते का सीज़न सर पर है और ये रेल में जाएगा?” म्हणाले. तेंदूपत्त्याची तोड सुरू व्हायला महिनाही उरला नव्हता, आणि पानं गोळा होतात त्या आमगावच्या फडांची सगळी रजिस्टरं त्याच्याकडे होती. मग ते माझ्याकडे वळले. “बाबू, कागज़ में क्या लिखा है? ऐसे जा सकता है?”

माणसाला एकदा चुकल्यावर दुसरी संधी क्वचित मिळते. मला चार दिवसांत मिळाली, आणि तीही अशी की कुणी मागूनही देत नाही. सेठजी सरळ विचारत होते. ते कडक होते, पण लिहिलेल्या शब्दाला मानणारे होते. बाजारात त्यांची तीच ख्याती होती. मी ‘जा सकता है’ एवढे तीन शब्द बोललो असतो तर ते चरफडले असते आणि त्यांनी ‘तो फिर जाने दो’ म्हटलं असतं. मला हे तेव्हाही कळत होतं.

मी म्हणालो, “जी, उसने तो मंज़ूरी माँगी है. देना न देना आपके हाथ में है.”

यात एकही शब्द खोटा नव्हता. मंजुरी मागितली होतीच. मीच मागायला लावली होती.

“तो लिख दो, महीना पूरा करके जाए,” सेठजी म्हणाले आणि त्यांनी डोळे मिटले. मी पुढचा कागद उघडला. तो बहुधा सुतळीच्या भावाबद्दल होता.

नकाराचं पत्र मी टाइप केलं, आणि त्याच संध्याकाळच्या पिशवीत ते गेलं. त्यानं रेल्वेला मुदत वाढवून मागितली. उत्तर आलं, पण हजर होण्याची तारीख उलटून गेल्यावर, आणि त्यात जागा भरली गेल्याचं दोन ओळींत कळवलेलं होतं. इकडे त्याचा नोटिशीचा महिना संपत आला होता. म्हणजे रेल्वेही गेली आणि ही नोकरीही जाणार. मग त्यानं आपला अर्ज मागे घेत असल्याचं लिहिलं, झाल्या प्रकाराबद्दल माफी मागितली आणि कामावर कायम ठेवण्याची विनंती केली. तो कागदही सकाळच्या डाकेत आला आणि तोही मीच वाचून दाखवला. सेठजींनी मोठ्या मनानं त्याला ठेवून घेतलं. “अच्छा लड़का है,” म्हणाले. मुनीमजींनी मान डोलावली. मीही डोलावली.

त्यानंतर आमचं भेटणं कमी झालं. भांडण झालं नाही. तो कामासाठी हेड ऑफिसात आला की माझ्या टेबलाजवळ उभा राहायचा, घरच्यांची खुशाली विचारायचा, पण माझ्या त्या पत्राबद्दल अवाक्षर काढायचा नाही. मी मनाशी ठरवून टाकलं की त्याला काहीच कळलेलं नाही. तसं धरून चालणं सोयीचं होतं. एकदा आमगावचाच दुसरा एक कारकून मला म्हणाला, “तुमचा तो कागद वाचला बाबूजी, लई बढिया समजावला.” मित्रानं माझं पत्र शाखेत वाचायला दिलं होतं. म्हणजे आता आमगावात कुणालाही नोकरी सोडायची झाली तर हेड ऑफिसच्या इंग्रजीवाल्या बाबूनंच लिहून दिलेलं होतं की मंजुरी लागते. मी त्या कारकुनाला ‘हो का’ म्हणालो.

तीन-चार वर्षं गेली. मधल्या काळात आमचा जिल्हा मुंबई राज्यात गेला आणि सरकारी कागद येणारा पत्ता बदलला. त्या उन्हाळ्यात मला गोंदियातच एका सहकारी पेढीत जागा मिळाली. पगार बराच जास्त. त्यांना माणूस आठवड्याच्या आत हवा होता.

मी काय केलं ते सांगतो. मी अर्ज केला नाही. सकाळची डाक वाचून संपल्यावर मी खुर्चीतून उठलो, गादीजवळ गेलो, आणि राजीनाम्याचा कागद व त्यावर महिन्याचा पगार सेठजींसमोर ठेवला. ‘सहाव्या कलमाप्रमाणे’ असं त्यात मी लिहिलं होतं. कागद मीच वाचला, मीच हिंदीत सांगितला. “तुम भी, बाबू?” एवढंच सेठजी म्हणाले. मग त्यांनी मुनीमजींना खूण केली. मुनीमजींनी नोटा मोजल्या, तिकीट लावून पावती केली, टेबलाच्या किल्ल्या घेतल्या. मोकळं केल्याचा कागद मी आधीच टाइप करून आणला होता, त्यावर सेठजींनी सही केली. मंजुरीचा विषयसुद्धा निघाला नाही. निघायचं कारणच नव्हतं. दहा मिनिटांचंसुद्धा काम नव्हतं.

बाहेर रस्त्यावर ऊन मी म्हणत होतं. मला खरं तर हलकं वाटायला हवं होतं. पण मी एका दुकानाच्या फळीवर बसलो. इतका सोपा होता तो प्रकार. तीन-चार वर्षांपूर्वी मित्राकडेही तेवढेच पैसे होते, तेच कलम होतं, तेच सेठजी होते. कमी होतं ते फक्त पत्राच्या शेवटी एक खरं वाक्य, आणि ते लिहिणं माझ्या हातात होतं.

बातमी आमगावला पोचायला दोन दिवस पुरले. तिसऱ्या दिवशी, रविवारी, तो माझ्या खोलीवर आला. हातात पिशवी, पायांत धूळ. आत ये म्हटलं तर म्हणाला, “चाल, चहा पिऊ.” आम्ही स्टेशनजवळच्या हॉटेलात बसलो. चहा आला. त्यानं बशीत ओतला, फुंकर घातली आणि मग सहज विचारावं तसं विचारलं:

“काऊन गा, तुले सेठची मंजुरी नाही लागली?”

मी हे वाक्य किती वर्षं ऐकायचं टाळत होतो ते मला त्या क्षणी कळलं. एखादी थाप मारता आली असती. माझं पद वेगळं होतं, कलम बदललं, वकिलानं नवीन सांगितलं. थापा तोंडाशी तयार होत्या. पण त्या दिवशी मला स्वतःचाच वीट आला होता.

“नाही लागली,” मी म्हणालो. “तुलाही लागत नव्हती. मी खोटं लिहिलं होतं.”

“चुकून?”

“नाही. समजून.”

मी खाली बघत होतो. त्यानं बशी तोंडाला लावली, चहा संपवला, बशी कपाखाली नीट ठेवली. तो ओरडेल, उठून जाईल, चारचौघांत दोन शब्द सुनावेल, असं मला वाटत होतं. खरं सांगायचं तर सुनवावेत असं वाटत होतं. म्हणजे फिट्टंफाट झाली असती.

“मले मालूम होता,” तो म्हणाला.

“काय?”

“मंजुरी लागत नाही, ते. कलम मीच उतरवून धाडला होता ना तुले? मलेई इंग्रजी येते बाप्पा. मॅट्रिकले इंग्रजीत माह्ये मार्क तुह्यापरीस जास्त होते, इसरला का?”

विसरलो नव्हतो. ती गोष्ट मी कुणालाच कधी सांगितली नव्हती, एवढंच.

“मग,” मी म्हणालो, “सगळं ठाऊक होतं तर मला कशाला विचारलंस? आणि मी लिहिलं तरी ऐकलंस कशाला? गेला का नाहीस?”

तो माझ्याकडे बघत राहिला. रागानं नाही. लहान मुलाला साधी बेरीज येत नाही म्हणून बघावं तसा.

“घरात नौकरी सोडणारा मी पयलाच होतो,” तो म्हणाला. “बाप भेला होता, मी त्याच्याहून जास्त भेलो होतो. सेठच्या गादीवर पैसे ठेवाचे म्हणजे काय, तुले तर आता मालूम झाला. कलमाचा अर्थ कायले इचारू मी तुले? जाऊ का, असा इचारला होता. तू जा म्हटला असता तर गेलो असतो.”

त्यानं दोघांच्या चहाचे पैसे दिले आणि तो उठला. आमगावच्या गाडीला अजून दीड तास होता, तरी तो स्टेशनात गेला.